तेरावे चॅनेल

अमेरिकेहून भाचा आमच्या मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनाला आला. त्याच्या लॅपटॉपवर शेजाऱ्यांच्या वायफायची नावे दिसत, आमचे तेवढे गायब! घरातल्या फोनांवर मात्र ते ठळक. "मामा, राऊटर बिघडला," भाचेबुवांनी निकाल दिला.

बिघडले काहीच नव्हते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल चालतात. अमेरिकेसाठी बनलेली यंत्रे बहुधा ११ वरच थांबतात, पुढचे ऐकतच नाहीत. फोनवरून राऊटरचे पान उघडले, तर 'ऑटो'वर सोडलेल्या स्वारीने १३ वे पकडलेले! ते काढून ११ ठेवले. मिनिटभरात नाव उमटले. १ किंवा ६ ही चालले असते. नुसते बंद-चालू करूनही कदाचित जमले असते, पण 'ऑटो' पुन्हा १३ वर गेले की नाव पुन्हा गुप्त.