शुश्रूषा करणाऱ्या ताईंना वाढदिवसाचे पत्र

घरातील वडीलधाऱ्यांच्या आजारपणात महिनोन्महिने शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरांचा किंवा ताईंचा वाढदिवस आला, की दोन शब्द लिहावेत असे अनेक कुटुंबांना वाटते. लेखणी हाती घेतल्यावर मात्र हात अडखळतो. मोबदला दिलेल्या व्यक्तीचे आभार कसे मानावेत, पाकिटात काही ठेवावे की नाही, आणि ज्यांची सेवा झाली ते आता हयात नसतील तर शुभदिनी त्यांचा विषय काढावा का, या प्रश्नांपाशी पत्र थांबते आणि पुष्कळदा राहूनच जाते.

सांगलीतील हळदीच्या व्यापारातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरातील आप्पांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. ब्युरोमार्फत एक ताई आल्या आणि चौदा महिने राहिल्या. आप्पांच्या निधनानंतर चार महिन्यांनी ताईंचा वाढदिवस येणार होता. पत्र लिहिण्याचे काम सूनबाईंकडे आले.

पहिला प्रश्न तारखेचाच होता. ब्युरोच्या कागदावर जन्मतारीख १ जून होती. आपल्याकडे शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली, की १ जून लिहिण्याची रीत होती आणि पुढे आधारकार्डावरही तीच तारीख उतरली. अशा दिवशी शुभेच्छा पोहोचल्या, तर कागद पाहून लिहिले एवढेच समजते. सूनबाईंना आठवले, की आपण नवरात्रातल्या आहोत असे ताई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्यांच्या बहिणीला दूरध्वनी करून त्यांनी दिवस नक्की केला. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. तो सर्व परिचारिकांचा दिवस आहे. वाढदिवस मात्र एकाच व्यक्तीचा असतो, आणि पत्रही त्या एकाच व्यक्तीचे असावे.

सूनबाईंचा पहिला मसुदा असा होता : ‘आपले उपकार कधीही फिटणार नाहीत. आपण आमच्या घरच्याच आहात. सोबतची छोटी भेट गोड मानून घ्यावी.’ तीनही वाक्ये सद्भावनेची आहेत आणि तीनही पत्राला जड करतात.

‘उपकार फिटणार नाहीत’ असे म्हटले, की वाचणाऱ्याला संकोच होऊन ‘अहो, असे काय म्हणता’ असे उत्तर देणे भाग पडते. वाढदिवसाच्या माणसावरच समजूत घालण्याचे काम येते. ‘घरच्याच आहात’ हे त्याहून नाजूक आहे. घरच्या माणसाला पगार नसतो आणि साप्ताहिक सुट्टीही नसते. ताई घरच्या नव्हत्या, तरीही त्यांनी इतक्या आस्थेने केले, यातच त्यांच्या कामाचे मोल आहे. ‘घरच्या’ या शब्दाने त्यांचे कौशल्य झाकले जाते.

तिसरे वाक्य भेटीचे. भेटीचा उल्लेख आला, की सारे पत्र त्या भेटीची पावती होऊन बसते. शिवाय ठरलेल्या मोबदल्याबाहेर रुग्णाच्या घरून काही घेऊ नये, असा अनेक संस्थांचा नियम असतो; मग पत्र मिळाल्याचा आनंद बाजूला राहून ते पाकीट परत कसे करावे ही चिंता लागते. व्यापारी घराला हे सहज समजेल : दोन खाती एका पानावर लिहू नयेत. पगार, राहिलेली रक्कम, दिवाळीचा बोनस हे सर्व आपापल्या दिवशी पूर्ण चुकते करावे. या घरात शेवटच्या महिन्याचे नऊ दिवसांचे पैसे द्यायचे राहिले होते. सूनबाईंच्या यजमानांनी ते पंधरा दिवस आधी ब्युरोत भरले आणि पत्रात त्याचा उल्लेख केला नाही. ताईंना पुढील कामासाठी शिफारस हवी असल्यास तीही वेगळ्या कागदावर द्यावी.

मग पत्रात काय उरते? जे पाहिले ते. सूनबाईंनी चौदा महिन्यांतील आठवणी कागदावर टिपल्या आणि त्यांतील दोन निवडल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ताईंनी त्यात खंड पडू दिला नाही. दुसरी आठवण जेवणाची. पक्षाघातानंतर आप्पांना गिळायला त्रास होई. घाई केली की ठसका लागे, आणि घास श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला धोका असतो. त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, एकेक चमचा भरवायला पाऊण तास लागे. आप्पांचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम होता आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ताईंनी स्वतःहून डॉक्टरांना विचारून रात्रीच्या गोळीची वेळ बदलून घेतली आणि रोज पाच वाजता ताट मांडले. स्वतः तो नियम पाळत नसताना त्यांनी आप्पांचा नेम मोडू दिला नाही.

सूनबाईंचे शेवटचे पत्र, नाव गाळून, असे होते :

‘ताई, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. रोज पाच वाजले की अजूनही तुमची आठवण येते. सूर्य मावळण्याआधी आप्पांचे जेवण व्हावे म्हणून तुम्ही डॉक्टरांशी बोललात, हे आप्पांनी मला दोनदा सांगितले होते. तुम्हाला सांगायचे त्यांच्याकडून राहिले असेल, म्हणून मी सांगते. चौदा महिन्यांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. रात्री दोन वाजता तुमच्या खोलीत दिवा लागलेला मी पाहत असे. हे वर्ष तुम्हाला आरोग्याचे जावो आणि तुमच्या मुलीची दहावी छान पार पडो. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नका.’

आप्पांचा उल्लेख येथे आहे, पण शेवटच्या दिवसांचे वर्णन नाही. ताईंनीही त्या माणसाला गमावले आहे. त्यांच्या वाढदिवशी ती रात्र पुन्हा समोर आणू नये. आजाराचा इतर तपशीलही गाळला आहे, कारण असे पत्र कोणी शेजारणीला वाचून दाखवते, आणि आप्पांची लाज राखणे हाही शुश्रूषेचाच भाग होता. ताईंच्या मुलीची दहावी आली, ती यासाठी की ताईंना आप्पांच्या खाटेपलीकडेही एक आयुष्य आहे हे त्या घराला ठाऊक होते.

पत्र लिहून झाल्यावर एक पडताळा घ्यावा. वरचे नाव बदलून तेच पत्र दुसऱ्या एखाद्या सिस्टरांना देता येत असेल, तर ते अजून लिहून झालेले नाही. मजकूर ठळक, सुट्या अक्षरांत, एका पानाच्या आत असावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर त्याचे छायाचित्र टाकू नये. चारचौघांत केलेल्या कौतुकाला चारचौघांत उत्तर द्यावे लागते. टपालाने पाठवायचे असेल तर चार-पाच दिवस आधी टाकावे. हाती द्यायचे असल्यास त्यांच्या कामाच्या वेळेत जाऊ नये. त्या वेळी दुसऱ्या कोणाचे तरी वडील त्यांच्या हाताने जेवत असतात.