तलाठ्याची जागा आणि गाळ्यातली नोकरी

आपल्या वसई-विरारमध्ये मुलाचा पदवीचा निकाल लागला की घरात एकच वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात, "सरकारी नोकरीच बघ." मित्र म्हणतो, "वालीवला आमच्या गाळ्यात जागा आहे, सोमवारपासून ये." तुम्ही कोणाचे ऐकाल? आधी थोडा हिशेब करून पाहा.

2023 साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या 4,644 जागांची भरती निघाली. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकत होता. मूळ पगार 25,500 रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळे. त्या श्रेणीत पहिली वार्षिक वाढ 800 रुपयांची आणि दहा वाढींनंतर मूळ पगार 34,300 रुपये होतो. वाढ मोठी नाही, पण ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते. चौकशी केल्याशिवाय कोणी कामावरून काढत नाही. पेन्शनची गोष्ट मात्र बदलली आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांसाठी राज्याने जुनी पेन्शन बंद करून अंशदायी योजना आणली. घरातील वडीलधारे सांगतात ती पेन्शन ही नव्हे.

या जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार!

आता समजा, नालासोपाऱ्याचा एक मुलगा बी.कॉम. झाला. त्याला गाळ्यात हिशेबाचे काम 15,000 रुपयांवर मिळत होते. ते नाकारून तो तीन वर्षे घरीच अभ्यास करत बसला. 15,000 गुणिले 36, म्हणजे 5,40,000 रुपये गेले आणि अनुभवही मिळाला नाही. त्या भरतीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 वर्षे होती. मग काम करत परीक्षा द्यायला काय हरकत होती?

माझे मत असे की नोकरी धरावी, पण डोळे उघडे ठेवून. नेमणूकपत्र मागावे. ठेकेदारामार्फत लागलात तर पगार कोण देणार, हे आधीच विचारावे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, कायदा लागू होतो. काही ठिकाणी पीएफ पगारातून कापतात, पण भरत नाहीत. पगाराच्या चिठ्ठीत कपात दिसते आणि पीएफच्या पासबुकात रक्कम दिसत नाही, तर समजावे की गडबड आहे. अशा जागी रमू नये. हिशेबाचे काम हाती आले की दुसरीकडे जास्त पगार मागता येतो. खाजगी क्षेत्रात खरी वाढ बहुधा अशीच होते.

आणि परीक्षेचे काय? तलाठ्याच्या 200 गुणांपैकी 50 गुण मराठीचे होते. उर्दू माध्यमाची मुले नेमकी याच भागाला घाबरतात. (वर्गात व्याकरणाचा तास आला की तुमचे चेहरे मी पाहतोच!) पण त्यात विचारतात ते समानार्थी शब्द, म्हणी, विभक्ती आणि शुद्धलेखन. हे सारे तुमच्या याच पुस्तकात आहे.