बरी म्हणजे किती बरी?

जोयड्यात तीन भाषा एकाच पंगतीला बसतात. घरात कोंकणी, पाहुण्यांशी मराठी, कचेरीत कन्नड. त्यामुळे कौतुकाचा घोळ इथे रोजचाच.

परवा पुण्याची मावसबहीण आमच्याकडे आली होती. तिने कंदाची भाजी केली. शेजारच्या काकींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "भाजी बरी जाल्या." बहिणीचा चेहरा उतरला. अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर विचारलं, तेव्हा तिने त्याला इंग्रजीत सांगितलं, "ओके होती म्हणे." म्हणजे भाजी आणखी एक पायरी खाली घसरली!

काकींनी तर चांगली पावती दिली होती. कोंकणीत 'बरें' म्हणजे चांगलं. आभार मानतानाही 'देव बरें करूं' म्हणतात. देव जेमतेम करो, असं कोण म्हणेल? जुन्या मराठीतही 'बरवे' म्हणजे सुंदर. आजच्या मराठीत मात्र वस्तूला 'बरी' म्हटलं की ती 'चांगली'च्या एक पायरी खाली जाते. आजारी माणूस 'बरा' झाला की मात्र तो पुरता बरा असतो.

'वाईट नाही'चं जरा वेगळं आहे. त्यात फक्त एक टोक नाकारलेलं असतं. मधल्यापासून उत्तमपर्यंत सगळी जागा मोकळी राहते आणि नेमकी जागा ऐकणारा ठरवतो, बोलणाऱ्याच्या सवयीवरून. ऊठसूट 'अप्रतिम' म्हणणारा मित्र 'वाईट नाही' म्हणाला, तर समजून जावं. कधीच न वाखाणणारे आजोबा तेच म्हणाले, तर पेढे वाटावेत. भाषांतरात शब्द पोचतात, माणसाची सवय मागे राहते.

'वाईट नाही, पण...' असं आलं तर पुढे तक्रार आहे. 'वाईट नाही हं!' मध्ये मात्र त्या 'हं'वर सगळी शाबासकी असते, आणि दुसऱ्या भाषेत नेताना नेमका तोच गळतो. इंग्रजीत 'नॉट बॅड ॲट ऑल' ही बहुतेक वेळा मनापासून दाद असते. तिचं 'अजिबात वाईट नाही' केलं, तर कुणीतरी आधी नावं ठेवली होती असं वाटतं. तिथे 'छान झालंय की!' म्हणावं. आणि कसं चाललंय विचारल्यावर 'कुड बी वर्स' असं उत्तर आलं, तर त्याचं मराठी सरळ 'चाललंय आपलं'.

कन्नडातलं 'परवागिल्ल' तर आपल्याच 'पर्वा'चं भावंड. शब्दशः घेतलं तर 'पर्वा नाही', आणि मराठीत ते उर्मट वाटेल. कन्नडात तोच शब्द क्षमा मागणाऱ्याला 'असू दे' म्हणून दिलासा देतो आणि कामाबद्दल विचारलं तर 'बऱ्यापैकी' असं सांगतो. 'ओहो, परवागिल्ल!' अशा चढत्या सुरात आला तर ती शाबासकी.

काकींनी त्या दिवशी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, हे मात्र बहिणीने भाच्याला सांगितलंच नाही.