‘गरीब’ म्हणजे गरीब नव्हे

बोरीवलीतली एक विद्यार्थिनी परदेशात अरबी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करते आहे. ‘मी कोण आणि मला का शिकायचं आहे’ हे अरबीत एका पानात लिहून द्यायचं आहे. रोजे सुरू असतानाच तिनं मसुदा तयार केला. घरच्यांचं म्हणणं, एखाद्या मौलानांकडून भारदस्त भाषेत लिहून घ्यावं. मला ते पटत नाही.

मसुद्याचं व्याकरण बरं होतं. घोळ होता तो ओळखीच्या शब्दांचा. ‘मी गरीब कुटुंबातली आहे’ असं सांगायला तिनं ‘आइला गरीबा’ लिहिलं. पण अरबीत गरीब म्हणजे परका, विचित्र. म्हणजे निवड समितीला कळणार की मुलगी विचित्र कुटुंबातली आहे! निर्धनासाठी अरबीत साधा शब्द आहे ‘फकीर’. तो ऐकून ती दचकलीच, कारण आपल्याकडे फकीर म्हटलं की झोळी आठवते. शेवटी ‘महदूद दख्ल’, म्हणजे मर्यादित उत्पन्न, असं लिहिलं.

‘मेहनत’ही तशीच. अरबीत ‘मिहना’ म्हणजे संकट, कसोटी. अभ्यासू विद्यार्थ्याला तिकडे ‘मुज्तहिद’ म्हणतात. उर्दूत तो धर्मशास्त्राचा मोठा अधिकारी होतो, म्हणून तिला लिहायला संकोच वाटत होता. आणि ‘माझ्याबद्दल कधी तक्रार नव्हती’ या वाक्यातला ‘तकरार’ अरबीत नुसती पुनरावृत्ती आहे.

हे शब्द फारसीतून मराठी-उर्दूत आले आणि इथल्या हवेत त्यांचे अर्थ बदलले. तालीम घ्या. अरबीत शिक्षण, कोल्हापुरात कुस्तीचा आखाडा. कुराण वाचता येणाऱ्यालाही हे शब्द चकवतात, कारण ओळखीचा शब्द कोणी कोशात बघत नाही. तिला मी तेच करायला सांगितलं: आपण घरी बोलतो तो प्रत्येक शब्द आधी संशयित धरायचा. अरबी कोशात शब्द सहसा मूळ अक्षरांखाली सापडतो. ‘ग-र-ब’खाली गरीब आहे आणि मगरिबही, जिच्या अजानवर आपण रोजा सोडतो. सूर्य मावळणं, दूर जाणं हा त्या धातूचा अर्थ. दूर निघून गेलेला तो गरीब.

मौलानांनी लिहिलेल्या पानात या चुका नसतील, हे खरं. पण त्यात ‘अरबी ही जन्नतची भाषा’ वगैरे असेल, जे बहुतेक अर्जदार लिहितात. मुलाखतीत त्याच पानावरून अरबीत प्रश्न आले, तर उसनी वाक्यं तिला तोंडी पेलणार नाहीत. तिच्या मसुद्यात एक ओळ होती: आजी नमाजमध्ये म्हणते त्या आयतींचा अर्थ आजीला माहीत नाही, तो मला तिला मराठीत सांगायचा आहे. ती ओळ मी तशीच ठेवायला सांगितली. फक्त एका क्रियापदाचं लिंग चुकलं होतं.