‘जमणार नाही’ कसं लिहावं

सोलापूर जिल्ह्यातल्या आशाताईंना बुधवारी रात्री गटप्रवर्तकांचा निरोप येतो: आयुष्मान कार्डांची यादी उद्याच द्या. वैतागून उत्तर जातं, “मी काय मशीन आहे का?” राग रास्तच, पण हातात काम किती, हे त्यातून कळत नाही आणि विषय ताईंच्या स्वभावावर घसरतो. त्याऐवजी लिहावं: “ताई, कुष्ठरुग्ण शोधाची ४० घरं शुक्रवारपर्यंत करायची आहेत, दिवसाला २० होतात. यादी सोमवारी देते. ती आधी हवी असेल, तर सर्वेक्षण पुढे जाईल. कोणतं आधी, ते कळवा.” कारणांचा पाढा नको. मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो, त्यामुळे नकार महाग पडतो; त्यावर शब्दांचा उपाय नाही. “दोन्ही करा” असं आलं, तर हेच आकडे पुन्हा पाठवावेत.