घास चाखून भात कळत नाही

रात्रीचं शिळं आपण खात नाही, पण सकाळी दहाचा भात ओट्यावर ठेवून चौविहाराआधी पाचला फोडणीला टाकतोच. मी वर्षानुवर्षं हेच केलं. आधी वास घ्यायचा, घासभर चाखायचा.

पण तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. कुकरमधूनही ते वाचतात आणि कोमट भातात रुजून वाढतात. हिंगणघाटच्या मे महिन्यात स्वयंपाकघर त्यांना मानवतंच! वाढताना ते उलटीचं विष सोडतात. त्या विषाला ना वास, ना चव. आंबूस वास येतो तो बहुधा दुसऱ्याच जंतूंमुळे, म्हणून वास नसलेला भातही बाधतो. चाखल्यावर लगेच काही कळतही नाही, उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात. फोडणीत जंतू मरतील, विष तसंच राहतं.

आता मी नाकाऐवजी घड्याळ पाहते. उरलेला भात परातीत पसरून तासाभरात फ्रीजमध्ये जातो. दुपारभर बाहेर राहिलेला टाकून देते. जीव चुकचुकतो, म्हणून भातच मोजून लावते.