वास्तूचं स्वागत : अर्ध्या मिनिटात



हल्ली वास्तूच्या कार्यक्रमात माईक असतो. माईक आला की भाषण येतं, आणि सुरुवात बहुतेक ठिकाणी एकच असते : "आमच्या निमंत्रणाला मान देऊन, अमूल्य वेळात वेळ काढून..." मग नावांची यादी. माझं मत स्पष्ट आहे. स्वागताचे शब्द अर्ध्या मिनिटात संपावेत, आणि त्यात एकाही पाहुण्याचं नाव नसावं.

नाव घेतलं की हिशोब सुरू होतो. एका व्याह्यांचं घेतलं तर दुसऱ्यांचं घ्यावंच लागतं. थोरल्या मामांचं घेतलं आणि धाकट्यांचं राहिलं, तर ते पुढच्या लग्नापर्यंत लक्षात राहतं. त्यापेक्षा नात्याने आणि गावाने बोलवावं. "माहेरची मंडळी" म्हटलं की सगळे मामा त्यात आले.

थोडक्यात बोलण्याचं आपल्या घरांत आणखी एक कारण आहे. नगरला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यांना त्याआधी जेवून, पाणी पिऊन उठायचं असतं. कार्यक्रम चारचा आणि पाहुणे दीडशे असले, तर दोन पंगती धराव्या लागतात. एका पंगतीला पाऊण तास धरला तरी दीड तास झाला. उरला अर्धा तास. त्यातच येणं-बसणं आणि नवकार. मग भाषणाला पंधरा मिनिटं आणायची कुठून? ती दुसऱ्या पंगतीतल्या आजींच्या ताटातून जातात.

घरातल्या मोठ्या माणसाने उभं राहून एवढंच म्हणावं :

"जय जिनेंद्र, नमस्कार. आज सकाळी स्थानकात मांगलिक ऐकून आम्ही या घरात पाऊल ठेवलं. पुण्याहून, नाशिकहून पहाटे निघालेले पाहुणे, माहेरची मंडळी, आमचे नवे शेजारी, आणि या भिंती उभ्या करणारे गवंडी, सुतार, रंगारी, सगळ्यांचं मनापासून स्वागत. आता मिळून नवकार म्हणू आणि लगेच पंगत बसेल. चौविहार असणाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसावं."

यात "नमस्कार" मुद्दाम आहे, कारण शेजारी सगळे जैन नसतात. नुसतं "जय जिनेंद्र" म्हटलं तर त्यांना आपण परक्या घरी आलो असं वाटतं. गवंडी-सुतारांना नुसतं जेवायला बोलवून भागत नाही, त्यांचा उल्लेख सगळ्यांसमोर व्हावा. आणि शेवटचं वाक्य कामाचं आहे : पुढे काय, कुठे बसायचं, हे पाहुण्याला कळलं की तो निवांत होतो.

दोन गोष्टी टाळाव्यात. "आमच्या गरिबाच्या झोपडीत" असं तीन मजली घरात म्हणू नये, लोक वर छताकडे बघतात. आणि फरशी कुठून आणली, खर्च किती झाला, हे माईकवर सांगू नये. अपरिग्रहाचं व्रत मानणाऱ्या घरात ते शोभत नाही.

लिहून काढा, घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा. मिनिटाच्या पुढे गेलं, तर त्यात कुणाचं तरी नाव शिरलेलं असेल.